तक्रारीची वाट मुकादमाच्या अंगणातून नको: छोट्या डाळ मिलसाठी छळविरोधी धोरण

प्रश्न: तालुक्याच्या गावाबाहेर आमची छोटी डाळ मिल आहे. कायम माणसं ९, आणि सिझनमध्ये मुकादमामार्फत येणाऱ्या बाया नि हमाल धरून २६. नव्या खरेदीदार कंपनीने दादागिरी आणि छळ याविरुद्धचं लेखी धोरण मागितलं आहे. नेटवरच्या एका नमुन्याचं भाषांतर करून बायांना वाचून दाखवलं, कोणालाच काही कळलं नाही. आमच्यापुरतं साधं धोरण कसं लिहू, आणि तक्रार कोणाकडे करा म्हणून लिहू? कायम माणसं १० च्या आत आहेत म्हणजे समिती लागत नाही ना?

उत्तर:

आधी शेवटचं सांगते. समिती लागते. कायद्याच्या लेखी कर्मचारी म्हणजे फक्त तुमच्या पगारपत्रकावरचे ९ जण नव्हेत. रोजंदारीवरचे, हंगामी, ठेकेदाराने किंवा मुकादमाने आणलेले, शिकाऊ पोरं, सगळे त्यात येतात. म्हणजे तुमचा आकडा २६ आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, ज्याला सगळे पॉश कायदा म्हणतात, तो १० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या मालकाला लेखी आदेश काढून अंतर्गत समिती नेमायला सांगतो. नेमली नाही तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. माणसं खरोखर १० च्या आत असली तर बाईची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर माणसं कितीही असोत, ती स्थानिक समितीकडेच जाते. हे वाक्य धोरणात लिहिताना मालकांचा हात अडखळतो. तुम्ही लिहा.

मी गेली वीसेक वर्षं यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडच्या जिनिंग आणि डाळ मिलची कामगारविषयक कागदपत्रं सांभाळते आणि काही समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. आपल्याकडे असं धोरण दोन जागी फसताना मी पाहिलं आहे. एक तर व्याख्या अशा भाषेत असते की मिलमध्ये रोज घडणारी गोष्ट तिच्यात बसते की नाही हेच कोणाला कळत नाही. आणि दुसरं, तक्रारीची वाट मुकादमाच्या अंगणातून जाते. या दोनच गोष्टी नीट लिहिल्या तर तीन पानांत तुमचं काम होतं.

व्याख्या लिहायला बसण्याआधी अर्धा दिवस निवडणीच्या शेडमध्ये जाऊन बसा. एका मिलमध्ये मी बायांना सरळ विचारलं होतं, कोणी त्रास देतं का. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "नाही बाप्पा, कायचा त्रास." मग मी विषय बदलला आणि विचारलं, चाळणीपाशी कोण बसतं? तिथे तुरीची धूळ थेट नाकातोंडात जाते, संध्याकाळपर्यंत डोळे लाल होतात. एक म्हातारी बाई हळूच म्हणाली, "थे जास्त बोलते ना, म्हनून तिलेच तिथं बसवते." विचारलं तर सहा आठवडे एकच बाई त्या जागेवर होती. बाकीच्यांची पाळी बदलत होती, तिची नाही. हा त्रास आहे, पण "त्रास" या शब्दाला कोणी हो म्हटलं नव्हतं. म्हणून धोरणात आधी एक साधी व्याख्या आणि तिच्याखाली तुमच्याच मिलमधली उदाहरणं हवीत. नेटवरच्या नमुन्यात "शत्रुत्वपूर्ण कार्यवातावरण" असतं, त्याचा अर्थ मलाही दोनदा वाचल्यावर लागतो.

दादागिरीसाठी, म्हणजे लैंगिक नसलेल्या त्रासासाठी, आपल्याकडे वेगळा कायदा नाही. व्याख्या तुम्हालाच करायची आहे, आणि ती बाई-पुरुष सगळ्यांना लागू ठेवा, कारण हमालांमधल्या एकोणीस वर्षांच्या नव्या पोराला मुद्दाम दोन कट्टे जास्त उचलायला लावणं हाही त्यातलाच प्रकार. मी साधारण असं लिहून देते:

"त्रास देणे म्हणजे अधिकार, वय, जात, पैसा किंवा गट यांचं बळ वापरून एखाद्या माणसाशी पुन्हा पुन्हा असं वागणं, ज्याने त्याचा अपमान होतो, त्याला भीती वाटते किंवा काम करणं अवघड होतं. मारणं, हात उगारणं, जातीवरून बोलणं या गोष्टी एकदा घडल्या तरी त्रासच समजल्या जातील. उदाहरणं: सगळ्यांसमोर शिवीगाळ, धुळीची किंवा अवजड कामाची जागा मुद्दाम एकालाच देणं, केलेल्या कामाची हजेरी न लावणं किंवा अर्धी लावणं, उद्यापासून येऊ नको अशी उठता-बसता धमकी, नावं ठेवून चिडवणं, टेम्पोत बसू न देणं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणाचा फोटो टाकून टिंगल करणं."

"पुन्हा पुन्हा" हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण तो गेला तर एकदा चढलेला आवाजही तक्रार होतो आणि मुकादम म्हणतो, आता काम सांगायचंच नाही का? त्याचा हा प्रश्न खोटा नाही. म्हणून लगेच खाली दुसरं कलम टाका: काय त्रास नाही. निवडलेल्या डाळीत खडे राहिले, कट्टा परत ओता आणि पुन्हा निवडा असं सांगितलं, तर तो कामाचा भाग. त्याच खड्यांवरून "घरी लेकराईलेबी असंच खाऊ घालते का" असं दहा जणींसमोर विचारलं, तर तो त्रास. शंका आली की मी एकच कसोटी लावते: हीच चूक दुसऱ्या बाईने केली असती तर तिलाही असंच वागवलं असतं का? उत्तर नाही असेल तर चौकशी करावी लागते. ही कसोटी धोरणात जशीच्या तशी लिहा, मुकादमालाही ती पटते.

लैंगिक छळाची व्याख्या मात्र तुमची नाही, कायद्याची आहे. ती सोप्या शब्दांत मांडा, पण कमी करू नका. नकोसा स्पर्श किंवा जवळीक. शरीरसुखाची मागणी, मग ती सरळ असो की आडून. लैंगिक अर्थाचं बोलणं. अश्लील फोटो-व्हिडिओ दाखवणं. आणि याशिवायचं कोणतंही नकोसं लैंगिक वागणं, ज्यात टक लावून बघणं, इशारे, गाणी सगळं येतं. याला जोडून एक गोष्ट हमखास राहून जाते. "ऐकलंस तर हलकं काम देतो" किंवा "नाही ऐकलंस तर उद्यापासून गाडीत जागा नाही" असं बोलून किंवा न बोलता सुचवलं, तर तेही यातच मोडतं. आणि ती मोठ्याने नाही म्हणाली नव्हती, ही सबब चालत नाही, असं स्वच्छ लिहा. ज्याच्या हातात आपली हजेरी आहे त्याला नाही म्हणणं किती सोपं असतं ते मिलमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

जातीवरून शिवीगाळ ही तिसरी गोष्ट. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून अपमानित केलं तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि तो मिलच्या ऑफिसात "मिटवायचा" विषय नाही. तुमच्या धोरणात एवढंच हवं: तक्रारदाराला पोलिसांत जायचं असेल तर मिल अडवणार नाही, सोबत माणूस देईल, आणि मिलची कारवाई वेगळी चालेल.

व्याप्तीचं कलम दोन ओळींचं ठेवा, पण त्यात बाया आणणारा टेम्पो नाव घेऊन लिहा. मालकाने पुरवलेलं ने-आण करणारं वाहन कायद्याने कामाचंच ठिकाण आहे, आणि माझ्या अनुभवात निम्म्या गोष्टी तिथे, सकाळी सातच्या आत घडतात. शेड, गोदाम, हमालांची बसायची जागा, ऑफिस, टेम्पो, आणि माल घ्यायला येणारे ड्रायव्हर व खरेदीदाराची माणसं.

आता तक्रार कोणाकडे. तुमच्यासारख्या ठिकाणी बायकांना मुकादम आणतो, हजेरी तोच लावतो, गावात त्याचं घर तिसऱ्या गल्लीत असतं आणि आगाऊ रकमेचा हिशोबही त्याच्याच वहीत असतो. "तक्रार प्रथम आपल्या वरिष्ठाकडे करावी" हे वाक्य नमुन्यातून जसंच्या तसं उतरवलंत, तर धोरणाचा तिथेच निकाल लागला. तक्रारपेटी मुनिमाच्या टेबलाशेजारी लावलीत तरी तेच. एका जिनिंगमध्ये पेटी होती, चावी होती, आणि दोन वर्षांत तिच्यातून एक बिस्किटाचा कागद निघाला होता.

तीन दारं ठेवा, आणि त्यातलं एक मिलच्या बाहेर असू द्या. पहिलं, शेडमधली एक बाई जिच्याशी बाकीच्या बोलतात. तिला मुकादमाने निवडू नये, बायांनी निवडावी. दुसरं, ऑफिसातली एक व्यक्ती, शक्यतो हिशोब पाहणारी बाई. तिसरं, समितीवरच्या बाहेरच्या सदस्याचा फोन नंबर. हे नंबर ऑफिसच्या फलकावर लावा, आणि बायांच्या संडासाच्या दाराला आतूनही लावा. कोणी बघत नसताना नंबर उतरवून घेता येईल अशी मिलमध्ये तेवढी एकच जागा असते. महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीचा ११२ हेही तिथेच.

तक्रार तोंडी चालेल असं लिहा. कायद्याला लैंगिक छळाची तक्रार लेखी हवी असते, पण जिला लिहिता येत नाही तिला लिहायला मदत करणं हे समितीचंच काम आहे. म्हणजे ती बोलेल, ऐकणारी लिहील, वाचून दाखवेल, आणि मग सही किंवा अंगठा. नियमात सहा प्रतींची अट आहे. ती बाईच्या माथी मारू नका, झेरॉक्स मिलने काढायची. लिहिताना तिचेच शब्द ठेवा. "त्याने असभ्य वर्तन केले" असं नका लिहू; तो काय बोलला, कुठे उभा होता, बाजूला कोण होतं, त्या दिवशी कोणता माल चालू होता, हे लिहा. तारीख आठवत नसेल तर बाजाराचा दिवस, पोळा, लेकराची परीक्षा अशा खुणा चालतात. तक्रार घेतल्याची तारखेसह पोच त्याच दिवशी तिच्या हातात.

मुदत हा असा मुद्दा आहे की तिथे चांगल्या तक्रारी मरतात. लैंगिक छळाची तक्रार घटनेपासून, आणि प्रकार चालू असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत करायची असते. कारण लिहून समिती आणखी तीन महिने देऊ शकते. दादागिरीच्या तक्रारीला तुम्ही मुदत घालूच नका, गरज नाही. तिची चौकशी दोन माणसांनी, ज्यातलं एक बाई, १५ दिवसांत संपवावी. तोंडी समज, लेखी ताकीद, कामाची जागा बदलणं, करार संपवणं अशा चढत्या पायऱ्या लिहिल्या की झालं.

समितीत अध्यक्ष म्हणून नोकरीतली वरिष्ठ बाई, किमान दोन कर्मचारी सदस्य, आणि महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली एक बाहेरची व्यक्ती. निम्म्याहून कमी बाया चालत नाहीत. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. मालक इथे हमखास बायकोला अध्यक्ष करून टाकतात. ती नोकरीत नसेल तर ते नियमात बसत नाही, आणि असली तरी बाया तिच्यासमोर बोलणार नाहीत. तुमच्याकडे पॅकिंग बघणारी किंवा हिशोबाची बाई असेल तर तिला करा. बाहेरच्या सदस्याला नियमाने बैठकीच्या दिवसाला २०० रुपये भत्ता आणि प्रवासखर्च आहे. रक्कम किरकोळ आहे, पण द्या, आणि व्हाउचर फाईलला लावा.

हे सगळं प्रत्यक्षात कसं चालतं त्याचं एक प्रकरण सांगते. मिलचं नाव आणि माणसांच्या खुणा बदलल्या आहेत.

एक निवडणारी बाई ४ फेब्रुवारीला ऑफिसात आली आणि म्हणाली, मुकादम हजेरी कापते. एवढंच. हिशोबाच्या बाईने ते लिहून घेतलं आणि हजेरीबुक काढलं. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरमध्ये तिचे २२, २४, २३ दिवस भरले होते. जानेवारीत ११. मुकादमाचं म्हणणं, जानेवारीत माल कमी आला. आता इथे नवखा माणूस थांबतो, कारण माल कमी येतोच. पण बाकीच्या बायांचा जानेवारी काढला तर कोणाचे २१, कोणाचे २३. माल एकीसाठीच कमी आला होता.

हिशोबाच्या बाईला एवढं पुरेसं वाटलं असतं तर हे दादागिरीचं प्रकरण म्हणून मिटलं असतं. तिने दुसऱ्या दिवशी, शेडमधल्या बाईला सोबत घेऊन, एकच प्रश्न विचारला: डिसेंबरपर्यंत सगळं ठीक होतं, मग जानेवारीत काय झालं? बऱ्याच वेळाने उत्तर आलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुकादमाने संध्याकाळी तिला एकटीला गोदामात कट्टे मोजायला थांब म्हटलं होतं. ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पोत म्हणाला, "थांबली असती तं महिनाभर बसून खाल्लं असतं." त्यानंतर दिवस कमी होत गेले.

म्हणजे तक्रार हजेरीची म्हणून आली आणि निघाली लैंगिक छळाची. असं नेहमी होतं. बाई आधी पैशाचं बोलते, कारण ते बोलता येतं. म्हणून धोरणात लिहा: तक्रार कोणत्या प्रकारची आहे हे तक्रारदाराने ठरवायचं नाही, ऐकणाऱ्याने ऐकून घ्यायचं, आणि लैंगिक बाब दिसली की, बाईची तयारी असेल तर, कागद समितीकडे द्यायचा. तिचं म्हणणं लेखी होऊन ६ तारखेला समितीकडे आलं. पहिली घटना जानेवारीची, म्हणजे तीन महिन्यांच्या आत. तिने जर होळीनंतर पाहू म्हटलं असतं आणि मग उन्हाळा लागला असता, तर हाच कागद मुदतीच्या वादात अडकला असता.

समितीने सात कामकाजाच्या दिवसांत तक्रारीची प्रत मुकादमाला द्यायची असते आणि त्याने मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं. प्रत त्याला ११ फेब्रुवारीला मिळाली, उत्तर २० ला आलं: सगळं खोटं, उचल मागितली होती ती दिली नाही म्हणून डाव आहे. उचलीची वही मागवली. तिच्या नावावर मागणीची नोंद नव्हती. त्यावरून काही सिद्ध होत नाही, पण त्याच्या कारणाला आधारही राहिला नाही. दोघांपैकी कोणालाही वकील आणायची परवानगी नसते, हे त्याला दोनदा समजवावं लागलं.

याच वेळी गावातून निरोप आला की सरपंच आणि तंटामुक्ती समितीचे लोक बसून मिटवून देतात. चांगल्या मनाने आलेला असेल, पण हे चालत नाही. समझोता फक्त बाईने स्वतः मागितला तरच होतो, तो समितीमार्फतच होतो, आणि त्यात पैसा घालता येत नाही. धोरणात ही ओळ नसेल तर तुमच्यासारख्या गावात पहिल्याच आठवड्यात दहा हजारांवर बोलणी सुरू होतात. शिवाय कोणी काय तक्रार केली हे बाहेर फोडायला कायद्याने बंदी आहे. गावात बातमी फुटलीच, तर कोणाकडून फुटली याची समितीने विचारणा करून नोंद ठेवावी.

चौकशीदरम्यान मुकादमाकडून हजेरी काढून घेतली आणि ऑफिसने लावायला सुरुवात केली. त्या बाईपुरता टेम्पोही वेगळा ठरवला. बाईला घरी बसवलं नाही. कायद्यात ती मागेल तर तीन महिन्यांपर्यंतची रजा आहे, पण रोजंदारीवर बाई रजा मागत नाही, तिला काम हवं असतं. इथे मालक नकळत मोठी चूक करतात: वातावरण निवळेपर्यंत तू येऊ नको. ते काळजीपोटी सांगितलं तरी शिक्षा तिलाच होते.

साक्षीला टेम्पोतल्या दोघी आल्या. एक म्हणाली, काही ऐकलं नाही. दुसरी म्हणाली, "थांबली असती तं" एवढं ऐकलं, पुढचं नाही. गोदामात कोणीच नव्हतं. फौजदारी कोर्टात लागतो तसा संशयापलीकडचा पुरावा इथे लागत नाही. दोन्ही बाजू ठेवल्यावर कोणतं म्हणणं जास्त शक्य वाटतं ते पाहायचं असतं. हजेरीतली ती घसरण, बाकीच्यांची न घसरलेली हजेरी, अर्धं वाक्य ऐकलेली साक्षीदार आणि मुकादमाचं न टिकलेलं कारण, एवढ्यावर समितीने तक्रार सिद्ध धरली. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, ती २७ मार्चला संपली; अहवाल दहा दिवसांच्या आत, २ एप्रिलला मालकाकडे. मालकाला कारवाईसाठी ६० दिवस मिळतात. तो गप्प बसला, आणि का गप्प बसला ते मला माहीत होतं.

मुकादम गेला की त्याच्या गावच्या ११ बाया जातात, हे त्याचं भय होतं. आपल्या भागातलं प्रत्येक छळविरोधी धोरण शेवटी या जागी येऊन अडतं. वाद कायद्याचा कमी आणि मजूर कोणाच्या हातात याचा जास्त असतो. त्या मालकाने शेवटी १५ एप्रिलला मुकादमाचा करार संपवला, पण आधी तीन गोष्टी केल्या: त्या गावातून टेम्पो थेट स्वतः लावला, मजुरी बायांच्या खात्यात जमा करायला सुरुवात केली, आणि आगाऊ रकमा मुकादमाकडून स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. ११ पैकी ८ जणी आल्या. तिघी मुकादमाच्या नात्यातल्या होत्या, त्या आल्या नाहीत. तुम्ही हे आधीच करून ठेवलं, तर धोरणातली शिक्षा खरी वाटेल, नाहीतर मुकादमाला माहीत असतं की तुम्ही त्याला काढू शकत नाही.

या प्रकरणात पुरावा मिळाला. समजा दुसरी साक्षीदारही काही ऐकलं नाही म्हणाली असती आणि हजेरी सगळ्यांचीच घसरलेली निघाली असती, तर तक्रार सिद्ध झाली नसती. तेव्हा लोक लगेच म्हणतात, खोटी तक्रार केली, कारवाई करा. कायद्यात खोट्या तक्रारीवर कारवाई आहे, पण ती जाणूनबुजून खोटी होती हे वेगळं सिद्ध झालं तरच. पुरावा कमी पडला म्हणजे तक्रार खोटी ठरत नाही. हे वाक्य धोरणात मोठ्या अक्षरात घ्या, आणि उगाच "खोटी तक्रार केल्यास कडक कारवाई" असा ठळक मथळा पहिल्या पानावर टाकू नका. नमुन्यांत तो असतो, आणि तो वाचून दाखवला की बायांचे चेहरे मिटतात.

सूड हा शेवटचा भाग. मिलमध्ये सूड शिवीने क्वचितच दिसतो, तो हजेरीने दिसतो. म्हणून नुसतं "तक्रारदाराविरुद्ध सूडाची कृती करू नये" न लिहिता असं लिहा: तक्रारीनंतर ९० दिवस तक्रारदार आणि साक्षीदार यांची दर आठवड्याची हजेरी, कामाची जागा आणि मजुरी ऑफिसातली बाई तपासेल, आधीच्या तीन महिन्यांशी ताडून पाहील आणि फरक दिसला तर समितीला कळवेल. वरच्या प्रकरणात अर्धं वाक्य ऐकलेल्या साक्षीदाराचे दिवस तिसऱ्याच आठवड्यात सहावरून चारवर आले होते. हजेरी ऑफिस लावत होतं, तरी टेम्पोवाला तिला मागे ठेवून निघत होता. तो मुकादमाचा भाचा होता. आकडा पाहिला नसता तर कोणाला कळलं नसतं, कारण ती बोलायला आली नव्हती.

मराठीत लिहून झालं की चुकाऱ्याच्या दिवशी, सगळे असताना, मोठ्याने वाचून दाखवा आणि हजर असलेल्यांच्या सह्या-अंगठे घ्या. मुकादम आणि टेम्पोवाल्याची सही वेगळ्या कागदावर, कराराला जोडून. नवा गट आला की पुन्हा वाचन. समितीचा वर्षाचा अहवाल जिल्हा अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो; तक्रार शून्य असली तरी शून्य लिहून पाठवा. खरेदीदार कंपनीला इंग्रजी प्रत लागेल, ती या मराठीवरून करून घ्या, आणि सोबत समिती नेमल्याच्या आदेशाची प्रत जोडा. त्यांचा तपासणीस आला की आधी तोच कागद मागतो.